घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी चित्रित करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजी-आजोबांच्या आठवणी मोबाइलवर चित्रित करायला निघालेल्या नातवंडांकडून आणि लेकीसुनांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: वय ८४, माहेर कराडच्या बाजूला, सासर पाटण तालुक्यात, आता थोरल्या मुलाकडे शहरात राहणारी आजी.

१. सुरुवात कशाने करायची? आधी कॅमेरा की आधी प्रश्न?

आधी वही. कॅमेरा न लावता तासभर आजीजवळ बसा आणि तीनच गोष्टी लिहून घ्या: माहेर-सासरच्या माणसांची नावं आणि नाती, ती कोणकोणत्या गावांत व घरांत राहिली त्यांचा क्रम, आणि घरात काय शिल्लक आहे (फोटो, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, सातबारा, पितळी भांड्यांवर कोरलेली नावं).

या बैठकीत एक पथ्य पाळा. आजी एखादी गोष्ट रंगवून सांगायला लागली की तिथेच थांबवा: "हे आपण रविवारी नीट बसून ऐकू." थांबवणं जिवावर येतं, पण पहिल्यांदा सांगताना जे तपशील येतात ते दुसऱ्यांदा येत नाहीत. कॅमेऱ्यासमोर तीच गोष्ट "ते सांगितलंच की तुला परवा" या एका वाक्यात संपते.

२. किती प्रश्न काढायचे आणि कसे विचारायचे?

एका बैठकीला १० ते १२ विषय पुरे, आणि तेही कागदावर एकेका शब्दात: विहीर, शाळा, लग्नाचा मांडव, पहिली रात्र सासरी. पूर्ण वाक्यं लिहून वाचून दाखवली की परीक्षा घेतल्यासारखं होतं आणि उत्तरंही तेवढीच आखूड येतात.

"तुझं बालपण कसं होतं?" याला "गरिबी होती, पण सुखाचे दिवस होते" याखेरीज उत्तर नाही. त्याऐवजी तिला घरातून चालवा. "माहेरच्या घरात पाऊल टाकलं की आधी काय लागायचं?" मग सोपा, माजघर, चूल, परडं. "रात्री कोण कुठे झोपायचं?" या एका प्रश्नातून घरात माणसं किती होती, आजारी कोण होतं, नव्या सुनेला जागा कुठली मिळायची, सगळं आपोआप बाहेर येतं. एका वेळी एकच प्रश्न विचारा. ती बोलायची थांबली की मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेकदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते.

आणि नेहमी बोलता तसंच बोला. रोज "आजी, तू" म्हणणाऱ्या नातवाने कॅमेरा लागताच "आपण सांगा" म्हटलं, तर आजीही सभेत बसल्यासारखी बोलू लागते.

३. आजीला वर्षं अजिबात आठवत नाहीत. मग काळ कसा ठरवायचा?

वर्ष विचारूच नका. सगळ्या गावाला ठाऊक असलेल्या घटनेची खुंटी धरा आणि विचारा, "त्याच्या आधी की नंतर?" पाटणच्या आजीसाठी सगळ्यात पक्की खुंटी म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ची पहाट. दुसरी, १९७२चा दुष्काळ: खडी फोडायची कामं, सुकडी, मिलो ज्वारी. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. महाराष्ट्र राज्य १ मे १९६०चं. पुण्यातल्या घरांना पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), गोव्यातल्यांना मुक्ती (१९ डिसेंबर १९६१), गिरणगावातल्यांना जानेवारी १९८२चा संप, लातूर-धाराशिवकडच्यांना किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३).

आता हे प्रत्यक्षात कसं बसतं ते पाहा. आजी म्हणते, "भूकंपाला थोरला नुकता पाऊल टाकायला लागला होता." मूल साधारण वर्षाचं झालं की पाऊल टाकतं, म्हणजे थोरला १९६६च्या अखेरीचा. "लग्नानंतर दोन वर्षं मूल नव्हतं म्हणून बोलणी खाल्ली" म्हणजे लग्न १९६४च्या आसपास. शाळेच्या दाखल्यावर थोरल्याचा जन्म १ जून १९६५ असेल, तर गोंधळू नका. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने जूनची तारीख टाकल्याचे दाखले घरोघरी आहेत. दोन्ही तारखा नोंदवा, कुठली कशावरून आली तेही लिहा, आणि कॅमेऱ्यासमोर आजीला "चूक सांगतेस" असं म्हणू नका.

४. आजी नवऱ्याचं नाव घेत नाही. "आमचे हे" एवढंच म्हणते. काय करावं?

उखाणा घ्यायला सांगा. नाव आपसूक येतं, आणि तिच्या आवाजातला उखाणाही मिळतो. नावांच्या बाबतीत याहून मोठी गफलत दुसरीकडे होते: लग्नात अनेकींचं नाव बदललेलं असतं. म्हणून माहेरचं पाळण्यातलं नाव, माहेरचं आडनाव, सासरचं नाव आणि हाक मारायचं नाव अशी चारही विचारून घ्या. तीच चौकशी तिच्या आईबद्दल आणि सासूबद्दल करा. पुढच्या पिढीतल्या कुणी वंशावळ मांडायला घेतली तर पुरुषांची नावं कागदपत्रांत सापडतील. आजीच्या आईचं माहेरचं नाव बहुधा आजीखेरीज कुणाकडेच नसतं.

जुना फोटो दाखवत असाल तर तिला प्रत्येकाचं नाव मोठ्याने घ्यायला लावा: "डावीकडून दुसरी, नऊवारीतली, ती माझी नणंद." नुसतं बोट ठेवून "ही ती" म्हटलेलं दहा वर्षांनी कुणालाच उमगत नाही.

५. घरातल्याच माणसाची परवानगी घ्यायची?

घ्यायची, आणि ती चित्रीकरणातच घ्यायची. सुरुवातीला तारीख, गाव, कोण बोलतंय, कोण विचारतंय हे सांगा. मग विचारा: "आजी, हे मी आपल्या घरच्यांसाठी जपून ठेवणार आहे. बाहेर कुणाला दाखवलं तर चालेल का?" घरात दाखवणं, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकणं आणि सगळ्या जगासाठी यूट्यूबवर टाकणं या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. एकीला "हो" म्हटलं म्हणजे तिन्हींना नाही. शेवटच्या बैठकीत पुन्हा विचारा, कारण काय काय बोललो हे तिला आता माहीत असतं.

६. मोबाइल पुरेल का? कोणतं सेटिंग ठेवू?

पुरेल. १०८० पी ठेवा. फोर-के घेतलंत तर जागा दोन-तीनपट लागते, फोन तापतो आणि लांब बैठकीत मध्येच बंद पडू शकतो. बोलणाऱ्या चेहऱ्यासाठी त्याची गरज नाही. १०८० पीमध्ये तासाला साधारण ४ ते ८ जीबी लागतात, म्हणून बसण्याआधी २० जीबी मोकळे करा.

फोन आडवा, तिपाईवर, आजीच्या डोळ्यांच्या उंचीला. मागचा कॅमेरा वापरा, सेल्फीचा नको. एअरप्लेन मोड लावाच. ऐन गोष्टीत फोन आला की काही फोनांवर चित्रीकरण तिथेच थांबतं, आणि हे कळतं ते बैठक संपल्यावर.

ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर कारण असं: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि ३० फ्रेमच्या वेगाशी त्याचा मेळ बसत नाही. वेग २५ फ्रेम करा. आयफोनमध्ये Settings, Camera, Record Video इथे Show PAL Formats चालू केलं की २५चा पर्याय दिसतो. त्याहून सोपं म्हणजे दिवा बंद करून आजीला खिडकीजवळ, उजेड तिरका चेहऱ्यावर येईल अशी बसवा. खिडकी तिच्या पाठीमागे आली तर चेहरा काळा पडतो.

७. चित्र छान आलं, पण आवाज घुमतो, अर्धं ऐकूच येत नाही. असं का?

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि यातलं जे बिघडतं ते नंतर नीट होत नाही. फोन सहा फुटांवर असेल तर त्याच्या माइकला आजीइतकाच पंखाही ऐकू येतो. कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक या फोनला चालतो का हे पाहून आणा. फोनला गोल भोक नसेल तर जोडणीचा तुकडा लागतो.

माइक हनुवटीच्या वीतभर खाली, पदराच्या काठाला, जरा बाजूला लावा. बरोबर मधोमध लावला की मंगळसूत्राचे मणी त्यावर आपटतात. सिल्कची साडी सळसळते, सुती बरी. आजी बोलताना हात हलवत असेल तर बांगड्यांचा आवाज येणारच. तो येऊ द्या, बांगड्या उतरवायला सांगू नका. बिनतारी माइक असेल तर त्यातलं गोंगाट कमी करायचं बटण बंद ठेवा. म्हाताऱ्या माणसाचा वाक्याच्या शेवटी विरत जाणारा आवाज ते यंत्र गोंगाट समजून कापतं.

मग खोली. पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर दार बंद, कुकर आधी लावून झालेला. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या, चादरी, पडदे असलेली झोपायची खोली दिवाणखान्याहून चांगली. उन्हाळ्यात पंख्याशिवाय ८४ वर्षांच्या माणसाला बसवणं योग्य नाही, तेव्हा बैठका थंडीत घ्या किंवा दर पंधरा मिनिटांनी पंखा लावून थांबा.

सुरू करण्याआधी एक मिनिट बोलायला लावा आणि हेडफोन लावून ऐका. माइकची पिन अर्धवट बसली की फोन गुपचूप स्वतःचाच माइक वापरतो. पडद्यावर ते दिसत नाही. माइकवर नखाने हलकेच टकटक करा, आवाज मोठा आला नाही तर माइक चालू नाही.

८. बैठक किती वेळाची आणि कधी घ्यावी?

४० ते ५० मिनिटं. नाश्ता आणि सकाळच्या गोळ्या झाल्यावर दहाच्या सुमारास बहुतेकांचा आवाज मोकळा असतो. उत्तरं एका शब्दाची व्हायला लागली किंवा खाकरणं वाढलं की थांबा. आठवड्याने पुन्हा बसा: मधल्या दिवसांत तिला बरंच आठवलेलं असतं, आणि पुढची बैठक "त्या दिवशी एक राहिलंच" अशी सुरू होते. सहा-सात बैठकांत पाचेक तासांचं चित्रीकरण होतं, आणि एका घरासाठी ते भरपूर आहे.

कानाचं यंत्र वापरत असेल तर नवी बॅटरी घाला आणि ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला, कॅमेऱ्याच्या अगदी लागून बसा. ओरडून विचारण्यापेक्षा सावकाश, समोर बघून विचारलेलं जास्त कळतं.

९. बाबा मध्येच बोलतात, आजीच्या आधी उत्तर देतात.

त्यांची वेगळी बैठक घ्या आणि ती आधी घ्या. आपलं सांगून झालेला माणूस दुसऱ्याचं शांतपणे ऐकतो. आजीच्या बैठकीत खोलीत दोनच माणसं बरी. तिसरं कुणी असलंच तर निवडून: सासूबद्दल ती सुनेसमोर वेगळं बोलेल, लेकीसमोर वेगळं. पण लग्नाची, जत्रेची, गावच्या भांडणाची गोष्ट दोन बहिणींना शेजारी बसवून घ्या. एक विसरते ते दुसरी पुरवते, आणि "असं नव्हतंच मुळी" यातून खरा तपशील निघतो.

१०. आजी कॅमेऱ्यासमोर पुस्तकी मराठी बोलू लागते. तिची बोली कशी येईल?

तुम्ही शहरी बोलता म्हणून तीही तसं बोलायला बघते. तिच्याच गावाकडची बोली बोलणारं कुणी, भाची, शेजारीण, जाऊ, विचारायला बसवा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, काहीही असो, शब्द सुधारू नका. न कळलेला शब्द तिथल्या तिथे विचारा: "वैल म्हणजे काय गं?" ती हाताने दाखवून सांगेल, की चुलीच्या आचेवर बाजूला भांडं ठेवायची जागा. ते चित्रीकरणात हवंच.

११. जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगितल्या तर आठवत नाहीत म्हणते.

खुर्चीवर बसून आठवणार नाहीत. त्या हाताच्या फेऱ्याबरोबर येतात. गावाकडे जातं असेल तर तिथे घेऊन जा, मूठभर जोंधळे घालू द्या. दुसरी बाई खुंट्याला हात लावून समोर बसली तर आणखी बरं. दळता दळता सुचलेलं दुसरीने उचलायचं, अशीच ही रीत होती. जात्याची घरघर शब्द खाऊन टाकते, म्हणून आधी दळताना घ्या आणि लगेच जातं थांबवून तीच ओवी पुन्हा म्हणून घ्या. पहिलीत चाल मिळते, दुसरीत शब्द. गाय प्वातवँ आणि हेमा रायरकर यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आहेत, तेव्हा "एवढ्याशा ओवीत काय आहे" असं समजून सोडू नका. ओवीत भावाचं, गावाचं नाव आलं तर ते कुणाचं हे लगेच विचारा.

१२. आजी रडायला लागली, किंवा "हे बाहेर सांगू नको" म्हणाली तर?

रडू आलं तर कॅमेऱ्याकडे धावू नका, विषयही बदलू नका. पाणी पुढे करा, गप्प बसा. थोड्या वेळाने विचारा, "थांबायचं का?" ती ठरवेल. गेलेल्या मुलाबद्दल बोलायची संधी काही आयांना पन्नास वर्षांत कुणी दिलेली नसते.

"बाहेर नको" म्हटलं की तो भाग कुठल्या मिनिटापासून कुठपर्यंत आहे ते वहीत लिहा आणि किती दिवस बाहेर नको ते विचारा: मी असेपर्यंत, की अमुक माणूस असेपर्यंत, की कायम? वाटायच्या प्रतीतून तो कापा. मूळ प्रत तशीच, वेगळ्या फोल्डरमध्ये कुलूपबंद ठेवा. ती "पुसून टाक" म्हणाली तर मात्र पुसा. जमिनीच्या वाटणीचं, सावकाराचं, जिवंत माणसावरच्या आरोपाचं बोलणं तिने परवानगी दिली तरी गटावर टाकू नका.

१३. विसरण्याचा आजार सुरू झाला आहे. आता चित्रीकरण करावं का?

कालचं विसरलं तरी विशीच्या आतलं बराच काळ टिकतं. बैठक १५-२० मिनिटांची ठेवा आणि प्रश्नाऐवजी वस्तू हातात द्या: अडकित्ता, फोटो, जुनी साडी. "आठवतं का?" हा प्रश्न टाळा, नाही आठवलं की तिला लाज वाटते. परवानगी (प्रश्न ५) दर वेळी नव्याने घ्या, आणि त्या दिवशी ती नको म्हणाली तर नको.

१४. बैठक संपली. फाइलींचं लगेच काय करायचं?

त्याच संध्याकाळी वायरने संगणकावर उतरवा. व्हॉट्सॲपने व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान केला जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. फाइलीला असं नाव द्या की ती कुठेही गेली तरी ओळखू येईल, तारीख वर्षापासून सुरू करून:

```
2026-01-11_aaji_02_bhukamp.mp4
```

मूळ फाइलीवर कापाकापी कधीच करू नका, तिची नक्कल करून त्यावर करा. शेजारी त्याच नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवून त्यात दर पाच मिनिटांना एक ओळ लिहा: "१०:०० भूकंपाची पहाट, गोठा पडला, १५:०० सरकारी तंबू". शब्दन् शब्द उतरवायला तासाच्या बोलण्यामागे पाच-सहा तास सहज जातात आणि बहुतेक घरी ते काम अर्धवट राहतं. ही यादी अर्ध्या तासात होते आणि हवी ती गोष्ट तिच्यावरून सापडते.

१५. कुठे साठवायचं? पेनड्राइव्ह, यूट्यूब, गूगल?

तीन प्रती, दोन प्रकारच्या जागी, त्यातली एक दुसऱ्या घरात. आपल्या उदाहरणात ५ तास म्हणजे ४० जीबीच्या आत. एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसऱ्या गावातल्या काकांकडे, तिसरी क्लाउडवर. गूगलची फुकट जागा १५ जीबी, तेव्हा विकत घ्यावी लागेल. ज्या खात्यात कुणी दोन वर्षं शिरलं नाही ते गूगल पुसू शकतं, म्हणून पासवर्ड घरातल्या दोघांकडे हवा.

पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता. वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिला की त्यातलं जाऊ शकतं. यूट्यूबवर चढवलेलं परत उतरवलं तर ते मूळ राहत नाही, दाबलेलं मिळतं. हार्ड डिस्कवर "फाइल फार मोठी आहे" असं आलं तर डिस्क FAT32 पद्धतीची आहे, तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. रिकामी असतानाच exFAT करून घ्या, कारण त्यात आधीचं सगळं पुसलं जातं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

१६. प्रत नीट झाली की नाही हे कसं कळणार?

फाइल उघडते यावर विसंबू नका. सुरुवात चालते आणि मधलं खराब असतं असं होतं. विंडोजवर फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ही ओळ मूळ आणि प्रत दोन्हींवर चालवा:

```
certutil -hashfile 2026-01-11_aaji_02_bhukamp.mp4 SHA256
```

मॅकवर टर्मिनलमध्ये `shasum -a 256` आणि पुढे फाइलीचं नाव. येणारी लांबलचक संख्या दोन्हीकडे तंतोतंत सारखी आली तर प्रत बिनचूक. ती संख्या प्रश्न १४ मधल्या टेक्स्ट फाइलीत चिकटवा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर, काकांकडची डिस्क जोडून हीच ओळ चालवा. संख्या बदलली असेल तर ती प्रत फेकून उरलेल्या दोनांतल्या चांगल्या प्रतीवरून नवी करा. डिस्क चार-पाच वर्षांची झाली की ती चालत असतानाच दुसरी आणा.

१७. आम्ही परदेशात आहोत, आजी गावाकडे. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड केला तर?

कॉलवर आवाज तुटतो, चित्र फाटतं, आणि रेकॉर्ड होतं ते तसंच. गप्पा कॉलवरच मारा, पण आजीकडच्या कुणाला तरी दुसरा फोन प्रश्न ६ आणि ७ प्रमाणे लावायला सांगा. मूळ चित्रीकरण त्या फोनवरचं. तुमचा आवाज स्पीकरवरून त्यातही येतोच, फक्त स्पीकर आजीच्या माइकपासून लांब ठेवा.